शतायुषी वाड्याचे मूल्यमापन : एका टिपणाची चिकित्सा

पुण्याच्या नारायण पेठेतील एका एकचौकी वाड्याविषयी तयार झालेले बारा पृष्ठांचे एक टिपण गेल्या वर्षी आमच्या हाती आले. वाडा पाडावा की राखावा असा वाद त्याच्या वारसांत चालू होता, आणि तो मिटावा म्हणून कोणा जाणकाराकडून हे टिपण करवून घेतलेले होते. टिपणकाराने वाड्याच्या महत्त्वाचे चार भाग पाडले आहेत: ऐतिहासिक, वास्तुशिल्पविषयक, सामाजिक आणि तांत्रिक. प्रत्येकास पंचवीस गुण ठेवून त्याने अनुक्रमे ९, १४, ६ आणि ३ असे गुण दिले आहेत, त्यांची बेरीज ३२ केली आहे, आणि 'शंभरांत चाळिसांहून कमी, सबब जतनास अपात्र' असा निकाल दिला आहे. टिपणकाराचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. त्याने वापरलेली रीत आज अनेक ठिकाणी वापरली जाते, आणि आमचा आक्षेप तिच्यावर आहे, व्यक्तीवर नाही. टिपण वाचल्यावर आम्ही तो वाडा चार वेळा जाऊन पाहिला, घरातील दप्तर चाळले, आणि त्यावरून जे दिसले ते येथे मांडतो.

प्रथम शंभर वर्षांच्या अटीविषयी दोन शब्द. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे. १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यातही वस्तूला तीच मर्यादा आहे. मात्र हस्तलिखिते व कागदपत्रे यांस पंच्याहत्तर वर्षे पुरतात, हे संग्राहक वाचकांस ठाऊक असेलच. या मर्यादा म्हणजे केवळ उंबरठे होत. उंबरठा ओलांडल्याने घरात प्रवेश मिळतो, पाटावर मान मिळत नाही. टिपणकाराने 'वाडा शंभर वर्षांहून जुना आहे' एवढ्यावर ऐतिहासिक मूल्याच्या नऊ गुणांपैकी पाच देऊन टाकले आहेत, ही पहिली चूक. वय हे मूल्य नव्हे; वयामुळे मूल्य शोधण्यास वाव मिळतो इतकेच.

आता वाड्याचे वय ठरले कसे ते पाहू. टिपणात तीन विधाने आहेत: दिंडी दरवाजाच्या गणेशपट्टीवर शके १८३४ कोरले आहे, दिवाणखान्यातील चार खांब पेशवाई घडणीचे आहेत, छपराच्या कौलांवर १८६५ हा आकडा आहे. यावरून टिपणकाराने 'मूळ वाडा पेशवाईतील, छप्पर १८६५ चे, दरवाजा १९१२ चा' असे तीन थर कल्पिले आहेत. पोथ्यांची चिकित्सा करणाऱ्या कोणासही येथे थबकावे लागेल. लेखकाने समोरच्या आदर्श प्रतीची पुष्पिका शकासह जशीच्या तशी उतरून घेतली, म्हणून नवी पोथी जुनी ठरत नाही. घराच्या बाबतीतही प्रत्येक आकडा कोणत्या गोष्टीचा आहे, हे आधी विचारले पाहिजे.

कौलांचा आकडा तर सरळच फसवा आहे. मंगळूर येथील बासेल मिशनच्या कारखान्याची कौले १८६५ हे वर्ष ठशात घेऊन बाहेर पडत. ते वर्ष कारखाना सुरू झाल्याचे आहे, कौल भाजल्याचे नव्हे. पुढे अनेक वर्षांनी घडविलेल्या कौलावरही तोच आकडा सापडतो. उलट पहिल्या महायुद्धात हा कारखाना मिशनच्या हातून गेला आणि नंतर कॉमनवेल्थ ट्रस्टकडे आला. त्या नावाचा ठसा असलेले कौल मात्र निःसंशय युद्धोत्तर काळातले असते. या वाड्याच्या रस्त्याकडील पाख्यावर आम्हांस मिशनचा ठसा दिसला, चौकाकडील पाख्यावर दोन्ही मिसळून दिसले. म्हणजे मूळ छपराची एक बाजू पुढे केव्हातरी उतरवून पुन्हा शाकारली, आणि फुटक्यांच्या जागी नवी कौले घातली, एवढेच यावरून निघते.

खांबांच्या बाबतीत आमचीही फसगत झाली होती, हे प्रांजळपणे सांगतो. पानाफुलांच्या घडणीचे ते सुरूचे खांब पाहून आम्हीही प्रथम मान डोलावली. आमच्याबरोबर एक वृद्ध सुतार होते. त्यांनी खांबावर बोट फिरविले आणि म्हणाले, "मास्तर, हा खांब या घरात जन्मलेला नाही. ही दोन भोके बघा, यांत काहीच बसलेले नाही." खरोखर, खांबाच्या वरच्या अंगास, हल्लीच्या तुळईशी काही संबंध नसलेल्या बाजूस, कुसू बसविण्याची दोन रिकामी भोके लाकडाचे तुकडे ठोकून बुजविलेली होती. शिवाय चौकाभोवतीच्या इतर खांबांवर आणि तुळयांवर सुतारांनी जुळणीसाठी छिन्नीने मारलेल्या क्रमाच्या रेघा आहेत: एक, दोन, तीन अशा त्या ओळीने चालतात. या चार खांबांवर तशी एकही रेघ नाही. म्हणजे ते दुसऱ्या कोणत्या तरी वाड्यातून आले.

याचा निकाल घरातील दप्तराने लागला. माजघरातील फडताळात मोडी कीर्दींची चार बाडे होती. टिपणकाराने 'जुने कागद, वाळवी लागलेले' असे म्हणून ती सोडून दिली आहेत. त्यांतील एक बाड संपूर्ण बांधकामाच्या खर्चाचे आहे. त्यात पाया खणल्यापासून वास्तुशांतीपर्यंत सुतार, गवंडी, पाथरवट यांची रोजंदारी, चुन्याच्या घाण्याचे भाडे, सागवानाची खरेदी हे सर्व तिथीवार आहे. आणि एका नोंदीत 'जुने खांब नक्षीचे नग चार' अशी खरेदी आहे. बाडाच्या पहिल्या पानावर शके १८३४ परिधावीनाम संवत्सर असे लिहिले आहे. शक आणि संवत्सर एकमेकांशी जुळतात, आणि तेच गणेशपट्टीशीही जुळतात. तेव्हा वाडा १९१२-१३ चा, एका हाताने बांधलेला. दरवाजा, छप्पर आणि सांगाडा एकाच वेळचे. फक्त चार खांब जुन्या घरातून विकत आणलेले. तीन थरांची कल्पना येथे संपली.

ऐतिहासिक मूल्याच्या सदरात टिपणकाराने उरलेले चार गुण एका कौटुंबिक आख्यायिकेस दिले आहेत. वास्तुशांतीस लोकमान्य टिळक आले होते आणि दिवाणखान्यात बसले होते, असे घरात सांगतात. परंतु लोकमान्य १९०८ मध्ये शिक्षा होऊन मंडालेस गेले, ते जून १९१४ मध्ये सुटून पुण्यास परतले. १९१३ मधील वास्तुशांतीस त्यांची उपस्थिती असंभव आहे. ते पुढे कधी या घरी आले असतील काय? असतील, पण तशी नोंद आम्हांस मिळाली नाही, आणि नोंद मिळेपर्यंत त्या आख्यायिकेस गुण देणे उचित नाही. घरमालकांना हे ऐकून वाईट वाटले. आम्ही त्यांना म्हणालो की, थोर पुरुषाचे पाय लागले यावर ज्या घराचे महत्त्व टेकलेले असते, त्या घराचे महत्त्व एका तारखेने कोसळते. तुमच्या घराजवळ याहून भक्कम आधार आहे. तो आधार म्हणजे ते बाड. घर उभे आहे, आणि ते कसे, कोणी, कोणत्या क्रमाने उभे केले याचा समकालीन अस्सल लेखही त्याच घरात आहे, असा योग फार थोड्या ठिकाणी येतो. बाडाशिवाय वाडा मुका आहे, आणि वाड्याशिवाय बाड म्हणजे नुसती आकडेमोड. टिपणकाराने ज्या सदरात नऊ गुण दिले, त्या सदरातील दिलेले सर्व गुण चुकीच्या कारणासाठी आहेत, आणि जे खरे कारण त्यास मात्र शून्य आहे.

वास्तुशिल्पाविषयी टिपणकार लिहितो की, वाडा 'पेशवेकालीन शैलीचा, परंतु दर्शनी भाग विलायती वळणाने बिघडलेला'. येथे मूळ कल्पनाच उलटी आहे. १९१२ मध्ये पुण्यात घर बांधणारा वकील पेशवाईचे अनुकरण करीत बसला नव्हता. त्याने रस्त्याकडे पक्क्या विटांची चुन्यातील भिंत, कमानदार खिडक्या आणि बिडाचे कठडे घेतले. पण देवडी ओलांडून आत गेले की तोच जुना क्रम आहे: मध्ये चौक, तीन बाजूंस सोपे, समोर माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि आड. अशील येत ते रस्त्याकडील जिन्याने वर दिवाणखान्यात. घरची माणसे वावरत ती चौकातून. बाहेरचा माणूस चौकात पाऊल न टाकताही काम करून जाऊ शकतो. पेशवाईच्या वाड्यात देवडीवरचा माणूस जे राखण करी, ते येथे जिन्याच्या जागेने साधले आहे. हे मिश्रण म्हणजे बिघाड नव्हे. बदलत्या व्यवसायाने जुन्या आराखड्यात कोठे बदल केला आणि कोठे हात लावला नाही, याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे. शुद्ध शैली शोधणाऱ्याने या घराला चौदा गुण दिले. मिश्रणच वाचले असते तर गुण किती पडले असते हा प्रश्न वेगळा, पण कारण तरी बरोबर पडले असते.

आणखी एक गोष्ट. वास्तू दुर्मिळ आहे की नाही, हे एका वास्तूकडे पाहून कळत नाही. एका प्रतीवरून जसा पाठ ठरत नाही, तसेच हे आहे. टिपणात तुलनेसाठी दुसऱ्या एकाही वाड्याचे नाव नाही. आम्ही त्याच गल्लीत आणि शेजारच्या दोन गल्ल्यांत फिरून पाहिले. या प्रकारचे, म्हणजे दर्शनी भाग नवा व आतील चौक जुना असलेले सहा वाडे लोकांच्या आठवणीत होते. त्यांपैकी उभे दोनच, आणि दुसऱ्याचा चौक पत्र्याने झाकून गुदाम केलेले. एवढी पाहणी झाल्यावरच 'दुर्मिळ' हा शब्द लिहिण्याचा अधिकार येतो, आणि तोही 'या भागापुरता' अशी मर्यादा घालून.

सामाजिक मूल्य हे चौघांत सर्वांत निसरडे आहे, कारण ते लाकडादगडात नसते, माणसांत असते. ऑस्ट्रेलियातील बरा या गावी १९७९ मध्ये जी सनद मंजूर झाली आणि जी पुढे सुधारत गेली, तिच्यातून वास्तूंच्या महत्त्वाचा हा विभागवार विचार जगभर पसरला. तीत सामाजिक मूल्य ऐतिहासिक मूल्याहून निराळे धरले आहे, आणि ते सकारण आहे. ऐतिहासिक मूल्य कागदाने सिद्ध होते; सामाजिक मूल्य हयात माणसांना विचारूनच कळते. टिपणकाराने विचारले कोणाला? फक्त मालकांना. आणि मालकांनी सांगितले की, भाडेकऱ्यांनी घराची दुर्दशा केली. त्यावरून सहा गुण.

वस्तुस्थिती अशी की, चौथ्या दशकापासून या वाड्यात बिऱ्हाडे राहू लागली, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानंतर ती तशीच राहिली. वरच्या सोप्यांत खांबांमध्ये फळ्यांच्या भिंती घालून एकेका खणाची खोली झाली. येथे एक खण म्हणजे दोन खांबांमधले सहा फूट. तेवढ्यात एक संसार! आम्ही त्या बिऱ्हाडांतील हयात असलेल्या सात व्यक्तींना गाठले. चौघी स्त्रिया होत्या, आणि चौघींनीही न विचारता चौकाचाच विषय काढला: भोंडला तेथे, मंगळागौर तेथे, गहू वाळविणे तेथे, आणि बारा बिऱ्हाडांत मिळून एकच नळ असल्याने रोजचे भांडणही तेथेच. पानशेतचे धरण फुटून १२ जुलै १९६१ रोजी पूर आला तेव्हा खालची सर्व बिऱ्हाडे वरच्या दिवाणखान्यात चढली, आणि मालकांनी तो सर्वांना मोकळा करून दिला. एरवी त्या दिवाणखान्यात भाडेकऱ्याचे पाऊल पडत नसे. दिवाणखान्याचे खरे महत्त्व सांगणारी ही हकीकत सात जणांपैकी पाच जणांनी स्वतंत्रपणे सांगितली. ती लोकमान्यांच्या आख्यायिकेपेक्षा अधिक सिद्ध आहे.

मात्र या मूल्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. बिऱ्हाडे गेली, माणसे पांगली. आणखी वीस वर्षांनी विचारण्यास कोणी उरणार नाही. तेव्हा हे मूल्य मुख्यतः इतिहासात जमा होईल. म्हणून ते मोजण्याआधी लिहून घेतले पाहिजे. वाडा राहो वा न राहो, हे काम त्यावर अवलंबून ठेवता येत नाही.

उरले तांत्रिक मूल्य, ज्यास तीन गुण मिळाले. कारण टिपणकाराने एका वाक्यात दिले आहे: 'खांब कुजलेले, भिंती ओलसर, इमारत मोडकळीस आलेली.' या वाक्यात जी गल्लत आहे ती सर्वांत घातक. इमारतीची अवस्था ही एक गोष्ट, आणि तिचे महत्त्व ही दुसरी. वाळवी लागलेल्या पोथीस कोणी कमी महत्त्वाची पोथी म्हणत नाही. तिची लवकर नक्कल करून घ्या, असे म्हणतो. अवस्थेवरून निकड आणि खर्च ठरतो, मूल्य ठरत नाही.

तांत्रिक मूल्य म्हणजे, ही इमारत कशी उभी आहे हे पाहून जे शिकता येते ते. या वाड्याचा भार भिंतींवर नाही. दगडी जोत्यावर उथळे, उथळ्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, त्यांवर कडीपाट, अशी लाकडाची चौकट सर्व भार घेते. आतल्या भिंती पांढऱ्या मातीच्या आणि कच्च्या विटांच्या, केवळ आडोशाला. हे विधान पुस्तकी नाही, त्याची परीक्षा १९६१ मध्ये झाली. पुराचे पाणी खालच्या मजल्यात चढले आणि मातीच्या भिंती विरघळून बसल्या. चौकट मात्र हलली नाही. वर गेलेली माणसे सुखरूप राहिली ती त्यामुळे. चौकट तीच आहे हे कशावरून? जुळणीच्या रेघा चौकाभोवती एकापासून सोळापर्यंत खंड न पडता आजही आहेत. एखादा खांब मागाहून बदलला असता तर तेथे क्रम तुटला असता.

मग खांब कुजले कसे? चौकाभोवतीचे सोळाही खांब सुतारांनी लाकडी हातोडीने ठोकून आणि टोच्याने टोचून पाहिले. शाबूत लाकूड खणखणीत वाजते, पोकळ लाकूड बद्द वाजते, आणि टोच्या बोटभर आत जातो. पाच खांब बुडाशी पोकळ निघाले, अकरा शाबूत. हे पाचही खांब अशा ठिकाणी आहेत, जेथे पुरानंतर पडलेल्या भिंती भाजलेल्या विटांनी पुन्हा बांधून वर सिमेंटचा गिलावा केला आणि खांबाचे बूड त्यात गाडून टाकले. मोकळ्या सोप्यातील एकही खांब कुजलेला नाही. जमिनीतून चढणारी ओल मातीच्या भिंतीतून हवेत निघून जाते; सिमेंटचा थर ती कोंडून धरतो, आणि ती लाकडात मुरते. म्हणजे दोष १९१२ च्या बांधणीचा नाही, १९६१ नंतरच्या दुरुस्तीचा आहे, आणि तो हटविता येण्याजोगा आहे. गिलावा काढून, कुजलेले बूड कापून, त्याच जातीच्या सागाचा तुकडा सांधणे हे चांगल्या सुताराचे नित्याचे काम आहे. ज्या वाड्याने पुरात आपली परीक्षा दिली, आणि जो चुकीच्या दुरुस्तीचा परिणामही खांबाखांबाने दाखवितो, त्यास तांत्रिक सदरात तीन गुण देणे म्हणजे परीक्षा न घेताच निकाल लावणे होय.

यावरून गुणांच्या बेरजेविषयी आमचे मत सांगतो. ही रीत काही आजची नाही. कॅनडात हॅरल्ड काल्मन यांनी १९८० च्या सुमारास ती व्यवस्थित मांडली, आणि शेकडो इमारतींची यादी करताना कोणती आधी पाहावी हे ठरविण्यास ती उपयोगी पडते. परंतु एका वाड्याच्या जीवन-मरणाचा निकाल तिच्यावर लावता येत नाही, कारण ही चार मूल्ये एका मापाची नाहीत. याच शहरातील भिडेवाड्याचे उदाहरण घ्या. फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा तेथे काढली. वास्तू म्हणून त्यात विशेष काही नव्हते, आणि अखेरीस ती पडीकच झाली होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती पाडून त्या जागी स्मारक करण्याचे ठरले. बेरजेच्या रीतीने तिला ऐतिहासिक सदरात पंचवीस आणि इतरत्र नाममात्र गुण पडले असते, आणि ती आमच्या अनामिक वकिलाच्या वाड्याच्या पंक्तीस येऊन बसली असती! दोन सर्वस्वी भिन्न गोष्टींची बेरीज सारखी येते, तेव्हा दोष गोष्टींचा नसतो, बेरजेचा असतो. त्या उदाहरणात दुसराही बोध आहे. स्थळाशी जोडलेले ऐतिहासिक महत्त्व इमारत गेल्यावरही काही अंशी त्या जागी राहते. तांत्रिक महत्त्व मात्र लाकडाबरोबर संपूर्ण जाते. म्हणून कोणते मूल्य कशात वसले आहे, हे बेरजेआधी विचारले पाहिजे.

ऑस्ट्रेलियाच्याच जेम्स केर यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हाच मार्ग दाखविला आहे. वास्तूचे महत्त्व थोडक्या वाक्यांत लिहावे, आणि मग तिच्या प्रत्येक अंगापुढे ते अंग या महत्त्वाचा किती भाग वाहते हे लिहावे. या रीतीत मूल्यांचा झगडा लपत नाही, उघडा पडतो. आमच्या वाड्यात असा झगडा एकाच ठिकाणी खरा आहे: वरच्या सोप्यांतील फळ्यांच्या भिंती. वास्तुशिल्प म्हणते त्या काढा, म्हणजे खांबांची ओळ मोकळी होईल. सामाजिक मूल्य म्हणते ठेवा, एका खणातल्या संसाराची ती एकुलती खूण आहे. बरा सनदेचा दंडक असा आहे की, एका काळाची खूण पुसून दुसऱ्या काळाची उठावदार करणे तेव्हाच क्षम्य, जेव्हा पुसायचे ते अल्प महत्त्वाचे आणि उघडे करायचे ते फार मोठ्या महत्त्वाचे असते. येथे तसे नाही. म्हणून आमची सूचना अशी की, पूर्वेकडील सोप्यातील एक बिऱ्हाड फळ्या, खुंट्या व कोनाड्यांसह जसेच्या तसे राखावे. बाकीच्या फळ्या मापे व चित्रे घेऊन काढाव्यात. त्या खिळ्यांनी अडकविलेल्या आहेत, खांबांस इजा न होता निघतात. सिमेंटचा गिलावा मात्र सर्वत्र काढावा. त्याच्या बाजूने बोलणारे एकही मूल्य नाही.

टिपणाच्या शेवटी जो आकडा आहे त्याच्या जागी आम्ही पुढील मजकूर लिहिला असता: 'हा वाडा १९१२-१३ मध्ये एका वकिलाने एकाच वेळी बांधला, त्याच्या बांधकामाची समकालीन कीर्द घरात आहे, आणि दोहोंचा एकत्र योग हे त्याचे मुख्य महत्त्व. जुन्या चौकाच्या आराखड्यात नव्या व्यवसायाने केलेला बदल त्यात स्पष्ट वाचता येतो. त्याची सागवानी चौकट १९६१ च्या पुरात टिकली व मूळ जुळणीसह शाबूत आहे. बिऱ्हाडांच्या जीवनाची खूण वरच्या सोप्यांत व हयात माणसांच्या आठवणीत आहे. दिवाणखान्यातील चार खांब जुने पण अन्यत्रचे आहेत. थोर पुरुषाच्या भेटीची आख्यायिका असिद्ध आहे.' या सहा वाक्यांत काय राखायचे, काय सोडायचे आणि काय आधी लिहून घ्यायचे, हे सर्व येते. ३२ या आकड्यात त्यांपैकी काहीच येत नाही.

वारसांचा निर्णय अद्याप व्हायचा आहे, आणि तो आमच्या हाती नाही. राहण्याची अडचण, दुरुस्तीचा खर्च, वाटण्या हे त्यांचे प्रश्न खरे आहेत. महत्त्व सिद्ध झाले म्हणून ते सुटत नाहीत. परंतु निर्णय घेताना काय गमावणार आहोत हे त्यांस नेमके कळावे, एवढाच मूल्यमापनाचा हेतू असतो. त्यांनी चारही बाडे सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचे आणि वाड्याची मापे घेऊ देण्याचे मान्य केले आहे. सोळा खांबांवरच्या रेघांचे ठसे आम्ही कागदावर उतरवून घेतले. पुढे काहीही झाले तरी ते त्या कीर्दीच्या बाडातच राहावेत, असे ठरले आहे. इत्यलम्.